जिन्याला ग्रॅनाईट किती लागतं? माझा हिशोब साडेसत्त्याऐंशी, दुकानदाराचा ११५

कळंबा_नवीन_घर
नमस्कार मंडळी. कळंब्याला घराचं काम चालू आहे. आतलं प्लास्टर उरकत आलंय, आता जिन्याच्या ग्रॅनाईटची खरेदी करायची आहे. जिना नेहमीसारखा मध्ये वळणारा. खालच्या स्लॅबपासून वरच्या स्लॅबपर्यंत उंची १० फूट, रायझर, म्हणजे पायरीची उभी बाजू, ६ इंची, खाली १० आणि वर १०. पायरी १० इंच खोल, जिन्याची रुंदी साडेतीन फूट. मधलं लँडिंग साडेसात फूट बाय साडेतीन फूट.

माझा हिशोब असा. दोन्ही टप्प्यांत ९-९ म्हणजे १८ पायऱ्या, प्रत्येकी साडेतीन फूट बाय १० इंच, झाले साडेबावन्न स्क्वेअर फूट. रायझर २०, प्रत्येकी साडेतीन फूट बाय अर्धा फूट, ते ३५. एकूण साडेसत्त्याऐंशी. दुकानदार म्हणतो ११५ घ्या, आणि त्यात लँडिंग धरलेलंच नाही. लँडिंगला आम्ही हॉलची टाईलच लावणार आहोत. साडेसत्तावीस फूट जास्तीचं ग्रॅनाईट जातंय कुठं? तो मला टोपी घालतोय का?

राजारामपुरी_नववी_गल्ली
दुकानदार जास्त सांगणार, मिस्त्री त्याहून जास्त सांगणार, आणि शेवटी दोन पायऱ्यांना माल कमीच पडणार. परंपरा आहे ती आपल्याकडची.

सिव्हिल_२०१९_बॅच
तुमच्या मोजणीत पायऱ्या कमी धरल्यात. नियम सोपा आहे, रायझरपेक्षा पायरी एक कमी. २० रायझर म्हणजे १९ पायऱ्या. त्यावर १० टक्के वेस्टेज धरा. शंभरच्या आत बसतं सगळं. ११५ म्हणजे अतिच झालं.

कोटा_जिंदाबाद
ग्रॅनाईट कशाला घालताय? कोटा घाला. आमच्या शाहूपुरीतल्या जुन्या घरात शहाबादी आहे, माझ्या आजोबांनी बसवलेली. पॉलिश नाही, घसरणं नाही, आवाज नाही. आजकाल सगळ्यांना आरशासारखं चकचकीत पाहिजे आणि मग त्यावर कोल्हापुरी चप्पल घालून चालायचं. वर जाताना कडकड आणि उतरताना धडधड.

कळंबा_नवीन_घर
@कोटा_जिंदाबाद, काका, दगड ठरलाय, सौ.नी पसंत केलाय, तो विषय आता माझ्या हातात नाही. प्रश्न किती लागणार एवढाच आहे.
@सिव्हिल_२०१९_बॅच, १९ कशा? मी परत जाऊन मोजल्या, १८च आहेत.

उचगावचा_फरशीवाला
भावा, दुकानदार तुला टोपी घालत नाही. आकडा त्यानं बरोबर सांगितलाय, फक्त समजावून सांगितला नाही. सावकाश सांगतो.

पहिलं, पायऱ्या १८ का १९. सरळसोट एका दमात वर जाणारा जिना असला की रायझरपेक्षा पायरी एक कमी, हे बरोबर. पण तुझा जिना मध्ये लँडिंगवर थांबतो. खालच्या टप्प्याचा दहावा रायझर चढला की पाय लँडिंगवर पडतो. वरच्या टप्प्याचा दहावा चढला की पाय वरच्या मजल्यावर पडतो. दोन टप्प्यांत दोन पायऱ्या कमी, म्हणून १८. तू मोजलंस ते बरोबर.

पण पायऱ्या १८ असल्या तरी नाक काढलेल्या, म्हणजे धार रायझरच्या पुढं आलेल्या, पट्ट्या २० लागतात. प्रत्येक रायझरच्या डोक्यावर एक धार येतेच. लँडिंगला टाईल लावलीस तरी दहाव्या रायझरच्या वर लँडिंगच्या कडेला काय येणार? टाईलची कच्ची कापलेली कड? तिथं पायरीसारखीच ग्रॅनाईटची पट्टी नाक काढून बसवावी लागते, मग तिच्या मागून टाईल सुरू होते. वरच्या मजल्याच्या कडेलाही तेच. म्हणजे जितके रायझर तितक्या पट्ट्या. हे दोन तुकडे लोक हमखास विसरतात. आणि ते आठवतात कधी, तर पॉलिशवाला कटर गुंडाळून गेल्यावर.

दुसरं, पायरी १० इंच म्हणजे दगड १० इंच नव्हे. पुढं १ इंच नाक काढायचं. मागं पुढचा रायझर ह्या पायरीच्या अंगावर उभा राहतो, म्हणजे पायरी त्याच्या खाली रायझरच्या जाडीइतकी, पाऊण इंच, आत गेली पाहिजे. १० अधिक १ अधिक पाऊण, झाले पावणेबारा. लांबीतही तसंच. रेलिंगच्या बाजूला जिना उघडा असेल तर तिकडं १ इंच बाहेर काढतात, नाहीतर बाजूनं काँक्रीटची कड दिसते. ४२ चे ४३ झाले. पट्टी ४३ बाय पावणेबारा, तशा २०. ते सत्तर स्क्वेअर फुटाच्या वर जातं. तू साडेबावन्न धरलेस.

रायझर मात्र तू जास्त धरलास. ६ इंचातली पाऊण इंच जाडी पायरीच्या दगडाची असते, म्हणून रायझर सव्वापाच इंच उंच कापायचा. २० रायझरचे ३५ नाही, साडेतीसच्या आसपास.

बेरीज १०० च्या जरा वर. हा झाला जिन्यावर प्रत्यक्ष बसणारा दगड. १०० चे ११५ कसे होतात ते लादीच्या मापावर आहे. तुझी लादी किती बाय किती आहे ते सांग, मग पुढचं सांगतो.

सिव्हिल_२०१९_बॅच
@उचगावचा_फरशीवाला, मान्य, लँडिंगचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नाही. पण १० टक्के धरले तर ते त्यात भरून निघतंच की.

उचगावचा_फरशीवाला
साडेसत्त्याऐंशीवर १० टक्के म्हणजे सव्वाशहाण्णव. जिन्यावर बसणारा दगडच १०० च्या वर आहे. टक्के हे वाया जाणाऱ्या मालासाठी असतात, मोजायचा राहिलेला माल त्यात कसा बसणार? आधी तुकडे बरोबर मोजायचे, टक्क्याचं नंतर.

पन्हाळा_रोड
मला एक कळत नाही. नाक १ इंच काढलं की पायरी ११ इंचाची झाली ना? मग आमच्या आर्किटेक्टनं १० इंचच का लिहून दिलंय?

सिव्हिल_२०१९_बॅच
बरोबर, पाऊल ठेवायला ११ इंच मिळतात.

उचगावचा_फरशीवाला
चढताना एका अर्थी मिळतात, उतरताना नाही. प्रत्येक पायरीला १ इंच नाक आहे, म्हणजे वरच्या पायरीचं नाकही खालच्या पायरीवर १ इंच पुढं आलेलं असतं. एका नाकापासून दुसऱ्या नाकापर्यंत टेप लावा, १० च भरतील. चढताना पायाचा पुढचा भाग त्या नाकाखाली शिरतो म्हणून ऐसपैस वाटतं. उतरताना टाच मागं टेकायची तर ती १० इंचातच टेकते.

साईट_सुपरवायझर_पूर्वी
म्हणूनच राष्ट्रीय बांधकाम संहितेत घरातल्या जिन्याची पायरी नाक सोडून किमान २५० मिलिमीटर सांगितली आहे आणि रायझर जास्तीत जास्त १९०. मूळ पोस्टमधला जिना दोन्हीत बसतो. १० इंच म्हणजे २५४ मिलिमीटर, ६ इंच म्हणजे १५२.

राजारामपुरी_नववी_गल्ली
आमच्या शेजाऱ्यानं हौसेनं २ इंच नाक काढून घेतलंय. बंगला एकदम महालासारखा दिसतो म्हणे. चढताना पाहुण्यांची बोटं अडकतात, आणि पाहुणे नमस्कार करत करतच वर पोचतात.

उचगावचा_फरशीवाला
२ इंच काढायचंच नाही. पाऊण ते १ इंच, बास. त्याच्या पुढं दगड अधांतरी राहतो. कुणी कपाट किंवा गॅसचा सिलिंडर जिन्यावरनं आपटत नेला की कोपरा उडालाच. आणि उडालेला कोपरा चिकटवून किती दिवस टिकतो हे सगळ्यांना ठाऊक आहे.

ज्यांना धार जाड दिसायला पाहिजे त्यांच्यासाठी डबल मोल्डिंग असतं. पायरीच्या नाकाखाली दगडाची नाकाइतकीच रुंद पट्टी चिकटवून दोन्हींवर मिळून गोलाई मारतात. दिसतं झकास, पण त्या पट्ट्यांचा दगड वेगळा लागतो आणि मजुरीही वाढते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रायझर तितका आखूड कापावा लागत नाही, पट्टी त्याच्या पुढं येते. काही पोरं तिथं गोंधळतात आणि रायझर साडेचार इंच कापून ठेवतात. मग पट्टीच्या मागं फट.

सासूबाईंची_सून
माझा प्रश्न वेगळा आहे, पण याच जिन्याला लागू पडेल. आमच्या घरी पायऱ्या काळ्या आणि रायझरही काळे आहेत. सासूबाईंना मोतीबिंदू. उतरताना त्यांना एक पायरी कुठं संपते आणि दुसरी कुठं सुरू होते तेच कळत नाही. संध्याकाळी दिवा लावला की चकचकीत दगडावर दिव्याचं प्रतिबिंब, मग तर अजूनच अवघड. शेवटची पायरी चुकून त्या पडल्या. आता आम्ही प्रत्येक धारेवर पिवळी चिकटपट्टी लावली आहे. हजारोंचा दगड आणि वर पट्टी! ज्यांचं काम अजून व्हायचंय त्यांनी पायरी आणि रायझर वेगळ्या रंगाचे घ्या.

कोटा_जिंदाबाद
हेच मी कधीचं सांगतोय.

सासूबाईंची_सून
काका, कोटासुद्धा पायरी आणि रायझरला एकाच रंगाचा घातला तर तेच होणार.

उचगावचा_फरशीवाला
ताई म्हणतात ते शंभर टक्के. नाकाच्या मागं दोन-तीन खाचाही मारून घ्याव्यात, पाय धरतो. पण खाच धारेच्या अगदी जवळ नको, सव्वा-दीड इंच मागं पाहिजे. जवळ मारली की तिथूनच कपची निघते. आणि मारायच्या त्या मशीनवर, दगड बसवायच्या आधी. बसवलेल्या पायरीवर हातातल्या कटरनं मारलेली खाच कधी सरळ येत नाही.

मोरबीवाला_नाही_पण
कुणी टाईलबद्दल बोलेना म्हणून सांगतो. आता जिन्याची तयार टाईल येते, १२०० बाय ३०० मिलिमीटरची, नाक गोल केलेलं, खाचा मारलेल्या, जोडीला रायझरची टाईल वेगळी. फरशीवाले दादांनी वर पावणेबारा इंच काढलेत ना, ३०० मिलिमीटर म्हणजे जवळजवळ तेवढंच. म्हणजे खोलीत काही कापायलाच नको. लांबी १२०० म्हणजे सव्वासत्तेचाळीस इंच, तुम्हाला ४३ लागते, सव्वाचार इंच प्रत्येक तुकड्याचे वाया. पण हिशोब सोपा, २० धारा म्हणजे २० पायरी-टाईल, २० रायझर-टाईल, फुटतूट धरून एक-दोन जास्त. लादी कापायची भानगडच नाही.

उचगावचा_फरशीवाला
हिशोब सोपा, हे खरं. पण दोन गोष्टी बघून घ्या. नाकाला जी गोलाई असते तिथं टाईलचा रंग आतपर्यंत तोच आहे का, का वरचा थर तेवढा रंगीत आणि आत पांढरट? दुकानात तुटका तुकडा मागून बघायचा. आणि रेलिंगच्या बाजूची कड कापलेली येणार, तिला नाक नसतं. दुसरं, टाईल पातळ असते. नाकाखाली मसाला किंवा ॲडहेसिव्ह पूर्ण भरलं नाही तर तेवढी जागा पोकळ राहते. नाण्यानं ठोकून बघा, ठण्‌ आवाज आला की तिथून ती फुटणार. ग्रॅनाईट थोडी पोकळी सहन करतं, टाईल करत नाही.

मोरबीवाला_नाही_पण
आमच्याकडं तीन वर्षं झाली, एकही फुटली नाही. नीट बसवणारा पाहिजे फक्त.

उचगावचा_फरशीवाला
मग तुमचा मिस्त्री चांगला आहे. त्याला सोडू नका.

साईट_सुपरवायझर_पूर्वी
किती माल लागतो त्याआधी एक गोष्ट तपासा. मूळ पोस्टमध्ये १० फूट आणि ६ इंच ही मापं काँक्रीटची दिसतात, फरशी झाल्यावरची नाहीत. हॉलमध्ये मसाला आणि टाईल मिळून ३ इंच जाडी येणार असेल, आणि जिन्यावर मसाला १ इंच अधिक ग्रॅनाईट पाऊण असे पावणेदोनच येणार असतील, तर काय होईल बघा. पहिली पायरी पावणेदोन इंच वर चढली, पण जमीन ३ इंच वर आली. पहिला रायझर पावणेपाच इंच उरला. वरच्या टोकाला उलटं, मजला ३ इंच चढला आणि शेवटची पायरी पावणेदोनच, तो रायझर सव्वासात झाला. खाली पावणेपाच, मध्ये सगळे ६, वर सव्वासात. माणूस पायऱ्या बघून चढत नाही, दोन पायऱ्यांत पायाला अंदाज येतो आणि तो त्याच अंदाजानं चढतो. वेगळी उंची आली की ठेच ठरलेली. लँडिंगला टाईल लावणार म्हणताय, तिथंही हाच घोळ होऊ शकतो.

कळंबा_नवीन_घर
हे तर कुणी सांगितलंच नव्हतं. हॉलची टाईल अजून बसलेली नाही. मग आता करायचं काय?

साईट_सुपरवायझर_पूर्वी
टाईल बसली नाही हे बरं झालं. खालच्या आणि वरच्या तयार फरशीची पातळी पाण्याच्या नळीनं जिन्याच्या भिंतीवर मारून घ्या. त्या दोन रेघांमधलं अंतर २० नं भागा आणि प्रत्येक पायरीची तयार पातळी भिंतीवर आखा. खाली-वर दोन्हीकडं ३ इंच असतील तर अंतर १२० इंचच राहतं, रायझर ६ चाच येतो. फक्त प्रत्येक पायरीवरही ३ इंच जाडी धरावी लागते, म्हणजे दगडाखाली सव्वादोन इंच मसाला. तेवढा नको असेल तर हॉलचा मसाला कमी करून दोन्हीकडं सारखी जाडी आणा. लँडिंगलाही तीच. ग्रॅनाईटची पट्टी पाऊण इंच आणि टाईल त्याच्या निम्म्यानं, तो फरक खालच्या मसाल्यात सांभाळायचा, वरून दोन्ही एकसारखं आलं पाहिजे.

उचगावचा_फरशीवाला
हे साहेब बोलले ते सोन्यासारखं. मी रायझर कधीही सगळे एकदम कापून घेत नाही याचं कारण हेच. पट्ट्या सगळ्या कापून आणायच्या, रायझर उंचीला सुतभर जास्त ठेवून आणायचे आणि जागेवर माप घेऊन उतरवायचे. सेंट्रिंगवाल्यानं ओतलेल्या पायऱ्या सगळ्या बरोबर ६ इंच असतात असं मी तरी आजवर पाहिलेलं नाही.

पन्हाळा_रोड
आणि रंग वेगळा घेतला तर मालाचं काय? सूनबाई म्हणतात तसं रायझर पांढरा आणि पायरी काळी केली तर?

कळंबा_नवीन_घर
मीही तेच विचारणार होतो. आज दुकानात जाऊन आलो. आम्ही बघितलेल्या काळ्या दगडाच्या दोन थप्प्या आहेत. एका थप्पीत लादी साडेसात फूट बाय अडीच फूट. दुसरीत ७ फूट बाय अडीच, तिचा भाव कमी आहे आणि सौ.ना पॉलिशही तिचंच आवडलंय. आधी सगळं एकाच दगडात करायचं ठरलेलं, आता सासूबाईंचा किस्सा वाचून दाखवल्यापासून घरात चर्चा चालू आहे.

उचगावचा_फरशीवाला
आता मापं मिळाली, आता सांगतो.

साडेसात फूट म्हणजे ९० इंच. ४३ चे दोन तुकडे झाले ८६, ब्लेड दीड सूत खातं, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, बसले. रुंदी ३० इंच. त्यात पावणेबाराच्या दोन पट्ट्या आणि सव्वापाचचा एक रायझर, झाले पावणेएकोणतीस. तीन कापांत ब्लेडनं अर्धा इंच खाल्ला, सव्वाएकोणतीस. बसलं, पाऊण इंच कचऱ्यात. म्हणजे एका लादीतून ४ पट्ट्या आणि २ रायझर. पाच लाद्यांत २० पट्ट्या आणि १० रायझर. उरलेले १० रायझर सहाव्या लादीतून, रुंदीत पाच, लांबीत दोन. सहा लाद्या झाल्या साडेबारा वर शंभर स्क्वेअर फूट. दुकानदारानं ११५ सांगितले ते असेच काढलेत. अडीच फूट त्यानं हाताशी धरलेत, तेवढं सोडून दे. पण सहा लाद्यांत एकही तुकडा जास्तीचा निघत नाही हेही ध्यानात ठेव. एक पट्टी फुटली तर सातवी लादी. मी असतो तर एक लादी त्याच थप्पीतली बाजूला ठेवायला सांगितली असती, काम झाल्यावर परत घ्यायच्या बोलीवर.

आता ७ फुटी. ८४ इंच. ४३ चे दोन ८६ होतात, बसत नाहीत. एक ४३ चा काढला की मागं ४१ इंचाला थोडा कमी तुकडा उरतो, तो पायरीलाही आखूड आणि ४२ च्या रायझरलाही आखूड. स्वस्त म्हणून ७ फुटी घेतली तर जवळजवळ निम्मा दगड घरी तुकड्यांच्या रूपात येईल. त्याचं मग बाथरूमचा उंबरा करा, देवघराचा कट्टा करा, तुळशीचं वृंदावन करा.

राजारामपुरी_नववी_गल्ली
कोल्हापुरात निम्म्या घरांच्या पॅरापेटवर जिन्याचे तुकडे का दिसतात ते आज समजलं.

साईट_सुपरवायझर_पूर्वी
४२ इंच ही रुंदी प्लास्टरच्या आधीची का नंतरची?

कळंबा_नवीन_घर
नकाशातली आहे. आता टेप घेऊन जातो.

…

मोजून आलो. भिंतीकडं प्लास्टर झालंय, त्यामुळं ४२ नाहीत. कुठं सव्वाएक्केचाळीस, कुठं साडेएक्केचाळीस, वरच्या टप्प्यात एका ठिकाणी पावणेबेचाळीस.

उचगावचा_फरशीवाला
मग ७ फुटीत जीव आहे. भिंतीच्या बाजूला तू स्कर्टिंग लावणार ना? स्कर्टिंग पायरीवर उभी राहते, तिची जाडी पाऊण इंच. म्हणजे पायरी भिंतीपासून अर्धा इंच अलीकडं थांबली तरी फट स्कर्टिंगखाली झाकते. त्या फटीत मसाला भरायचा. साडेएक्केचाळीसमधून अर्धा गेला, ४१. रेलिंगकडं पूर्ण इंचाऐवजी पाऊण इंच बाहेर काढ. तुकडा पावणेबेचाळीस. असे दोन साडेत्र्याऐंशी, अधिक ब्लेड दीड सूत. ८४ त बसलं, पण हाताशी राहिले अडीच सूत. आणि जिथं पावणेबेचाळीस रुंदी भरलीय तिथं रेलिंगकडं अर्धा इंचच निघेल.

अडचण अशी की लादी ७ फूट म्हणून विकली जाते तेव्हा तिच्या टोकाला कच्ची कड असते. चांगला माल पाऊण-एक इंच जास्त भरतो, खराब माल ८४ ही सरळ भरत नाही. दुकानात थप्पीतल्या प्रत्येक लादीला दोन्ही कडांना टेप लाव. सगळ्या सव्वाचौऱ्याऐंशीच्या वर सरळ निघाल्या तर घे. १०५ स्क्वेअर फुटात सहा लाद्या होतील. नाहीतर साडेसात फुटीच घे.

सासूबाईंची_सून
आणि रायझर पांढरा केला तर?

उचगावचा_फरशीवाला
ताई, मग हिशोब बदलतो. अडीच फुटी लादीतून दोन पट्ट्या काढल्या की पावणेसहा-सहा इंचांची पट्टी उरते, ती आत्ता रायझरला जातेय. रायझर पांढरा केला की ती वाया. मग अडीच फुटी घ्यायचीच नाही, २५ इंच रुंदीची बघायची. दोन पट्ट्या साडेतेवीस, ब्लेडसकट चोवीसच्या आत. अशा पाच लाद्या.

पांढऱ्या रायझरला दगड कशाला, टाईल लावा. ६०० बाय १२०० च्या टाईलमधून सव्वापाचच्या चार पट्ट्या लांबीत निघतात. २० रायझरला पाच टाईल. एका खोक्यात दोन येतात, म्हणजे तीन खोकी, एक टाईल फुटीला राहिली. रायझरला पाय घासतो पण वजन पडत नाही, टाईल चालते. मात्र टाईलची जाडी कमी म्हणून पायरीचा दगड थोडा कमी आत गेला तरी चालेल, साडेअकरा इंचात काम होईल.

कळंबा_नवीन_घर
म्हणजे दुकानातल्या दोन्ही थप्प्या बाद?

उचगावचा_फरशीवाला
अडीच फुटी घेऊन उरलेल्या पट्टीची जिन्याची स्कर्टिंग करता येते की. पायरीलगत आडवा तुकडा आणि रायझरलगत उभा, ४ इंची. पाच लाद्यांतून ९० इंची पाच पट्ट्या निघतात. आडव्या १८ तुकड्यांनाच १८० इंच गेले, उभे २० तुकडे १२० इंचाच्या आसपास. ४५० इंचांत आरामात बसतं, उरलेलं लँडिंगला. स्कर्टिंग तू तुझ्या हिशोबात धरलीच नव्हतीस, ती कुठून आणणार होतास?

मोरबीवाला_नाही_पण
@उचगावचा_फरशीवाला, दादा, लँडिंगच्या कडेची पट्टी फक्त खालच्या टप्प्यासमोर ४३ इंच टाकायची का पूर्ण साडेसात फूट? आमच्याकडं अर्धीच टाकलीय, टाईलची रेघ मध्येच तुटते, दिसायला विचित्र वाटतं.

उचगावचा_फरशीवाला
पूर्ण टाकली तर दिसायला चांगलं. वरच्या टप्प्याचा पहिला रायझर त्याच पट्टीवर उभा राहतो आणि मधल्या ६ इंच मोकळ्या जागेची कडही झाकते. पण मग एक पट्टी वाढली. एकाच दगडात सगळं करत असाल तर सहा लाद्यांचा हिशोब तिथंच मोडतो.

सिव्हिल_२०१९_बॅच
मी तर म्हणेन पूर्ण लँडिंगच ग्रॅनाईटचं करा. सव्वासव्वीस फूट तर आहे.

साईट_सुपरवायझर_पूर्वी
साडेतीन फूट खोलीला अडीच फुटी लादी पुरत नाही, सांधा येणारच. सांधा कुठं आणायचा ते आधी ठरवा. लँडिंगच्या मधोमध आला की नजर तिथंच जाते.

कळंबा_नवीन_घर
सगळ्यांचे आभार. उद्या टेप घेऊन थप्पीतल्या लाद्या मोजतो. घरात अजून काळा-काळा का काळा-पांढरा यावर एकमत नाही. आईचं मत पांढऱ्याला, सौ.चं काळ्याला, मी गप्प. अजून एक विचारायचं राहिलं. मोल्डिंगचा भाव तो रनिंग फुटावर सांगतोय आणि ९० फूट धरलेत. २० धारा गुणिले साडेतीन, ७० होतात ना?

उचगावचा_फरशीवाला
रेलिंगच्या बाजूची उघडी कडही गोल करावी लागते, प्रत्येक पट्टीला जवळजवळ एक फूट. २० वाढले. ९० बरोबर आहे. फक्त त्यात पॉलिश धरलंय का आणि खाचा धरल्यात का ते विचार, नाहीतर त्याचं बिल वेगळं येईल. आणि लाद्या मोजायला जाशील तेव्हा दुपारी जा, सकाळी तिथं ट्रक लागलेला असतो, थप्पी कुणी हलवून दाखवत नाही.